बारा लाख तीस हजार तीन रुपये फक्त

१२३०००३. हा आकडा मोबाइलच्या स्क्रीनवर बघा आणि मोठ्याने वाचा. बहुतेक लोक आधी बोटाने मागून अंक मोजतात. एकक, दहक, शतक, हजार, आणि मग कुठेतरी लाखावर येतात. आता हाच आकडा १२,३०,००३ असा लिहिला, की तोंड आपोआप चालायला लागतं. बारा लाख, तीस हजार, तीन. स्वल्पविराम बरोबर तिथेच पडतो जिथे आपण ‘लाख’ आणि ‘हजार’ म्हणतो. १,२३०,००३ असं लिहिलं, तर पुन्हा थबकायला होतं, कारण एक आणि दोनशे तीस या जोडीला मराठीत नावच नाही.

मी नाशिकमध्ये छोट्या कारखान्यांच्या बिलांचं काम करतो. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ, मिलिंग, पावडर कोटिंग करणारे शेकडो लहान लोक आहेत. त्यांच्याकडे संगणकाचं वेगळं खातं वगैरे नसतं. एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, आणि बिल बनवायला कुणीतरी कधीतरी लावून दिलेला प्रोग्राम किंवा एक्सेलची शीट. ती बिघडली की मला फोन येतो. ‘बिल नीट छापून येत नाही’ ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. त्यात किती अडकलेलं असतं हे मला अंबडच्या एका शेडमध्ये कळलं.

तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही. अण्णांकडे सात माणसं कामाला. एका मोठ्या कारखान्याला त्यांनी १२५ नग हाउसिंग बनवून दिले होते, दर ८,३३९ रुपये. म्हणजे मालाची किंमत १०,४२,३७५ रुपये. त्यावर केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के जीएसटी, प्रत्येकी ९३,८१३ रुपये ७५ पैसे. एकूण बेरीज १२,३०,००२ रुपये ५० पैसे. शेवटी पूर्ण रुपयात आणायचं म्हणून ५० पैसे वर. बिलाच्या तळाशी आकड्यात छापलं होतं १२,३०,००३. आणि त्याच्या खालच्या ओळीत इंग्रजी शब्दांत होतं, रुपीज ट्वेल्व्ह लॅक थर्टी थाउजंड टू ओन्ली. आकड्यात तीन, शब्दांत दोन.

एका रुपयाचा फरक. कारखान्याच्या अकाउंट्समधून बिल परत आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आकडा आणि अक्षर जुळत नाही, दुरुस्त प्रत पाठवा. तोवर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याची बिलं मंजुरीला निघून गेली होती. अण्णांचं बिल पुढच्या खेपेवर गेलं. पोलादवाल्याची उधारी थांबली होती, दहा तारखेचे पगार तोंडावर होते. अण्णा मला म्हणाले, “एक रुपया मी खिशातून देतो रे, पण ते घेत नाहीत.” त्यांचा प्रश्न रुपयाचा नव्हताच.

सगळ्यात आधी मला हे समजून घ्यायचं होतं, की शब्दांत रक्कम लिहायला कोणी सांगितलंय? जीएसटीच्या बिलावर काय काय हवं याची यादी केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ४६ मध्ये आहे. नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा सलग क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, करपात्र किंमत, कराचा दर, कराची रक्कम, सही, असं बरंच काही. त्या यादीत ‘रक्कम अक्षरी’ नाही. तरी ती ओळ नसलेलं बिल अंबडमध्ये मी क्वचितच पाहिलंय. ही सवय धनादेशाच्या जगातली आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट हा कायदा १८८१ चा. त्याचं कलम १८ सांगतं, की आकड्यात आणि शब्दांत वेगवेगळी रक्कम असेल, तर शब्दांतली खरी धरायची. प्रत्यक्षात बँका अशा धनादेशावर वाद घालत बसत नाहीत, तो परत पाठवतात. पण कायद्याचा कल स्पष्ट आहे. शब्द मोठा, आकडा लहान. बिलाला हे कलम लागू होत नाही. तरी बिलावरूनच धनादेश निघायचा, त्यामुळे बिल तपासणाऱ्याने तीच शिस्त बिलाला लावली आणि ती आजही टिकून आहे.

शब्द मोठा का, याचं कारण पेन हातात घेतलं की कळतं. ५,००० हा आकडा कागदावर लिहा. मागे एक शून्य वाढवून बघा, ५,०००० होईल. स्वल्पविराम चुकीच्या जागी आला, डोळ्याला लगेच खुपेल. आता पुढे ८ लिहा. ८५,००० झाले, आणि स्वल्पविराम जागच्या जागी! म्हणजे स्वल्पविराम आकड्याचं शेपूट राखतो, पण डोकं उघडं राहतं. ते झाकायला रुपयाचं चिन्ह आकड्याला चिकटून छापायचं. शेपटाकडे ‘/-’ काढायची जुनी सवयही याच कामाची. शब्दांच्या ओळीत सुरुवातीला ‘अक्षरी रुपये’ आणि शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ येतं, तेही यासाठीच. ‘पाच हजार’च्या मागेपुढे जागाच उरत नाही. आणि ‘पाच’चं ‘पंच्याऐंशी’ करायला नुसता एक अंक घुसवून चालत नाही.

यात एक बारीक गोष्ट संगणकाने बिघडवली आहे. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं. पीडीएफमधले जुने ठरलेले फॉन्ट त्याआधीचे आहेत, त्यांच्यात हे चिन्ह नाही. त्यामुळे कित्येक बिलांवर चिन्हाच्या जागी काळा चौकोन येतो किंवा नुसती रिकामी जागा येते. लोक म्हणतात, दिसायला वाईट दिसतं. मला त्यापेक्षा ती रिकामी जागा खटकते, कारण ती नेमकी आकड्याच्या डोक्यापाशी असते. चिन्ह असलेला फॉन्ट पीडीएफमध्येच घालायचा, किंवा ते जमत नसेल तर सरळ ‘रु.’ छापायचं. दोन्ही चालतं, मोकळी जागा चालत नाही.

आता अण्णांच्या बिलाकडे. आकड्यात तीन आणि शब्दांत दोन, हे आलं कुठून? प्रोग्रामचे दोन भाग होते. स्क्रीनवर बेरीज दाखवणारा भाग ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. शब्दांची ओळ आणि पीडीएफ तयार करणारा भाग सर्व्हरवर, पायथॉनमध्ये. दोघांनाही १२,३०,००२.५० हीच बेरीज मिळत होती. दोघांनीही ती आपापल्या पद्धतीने पूर्ण रुपयात आणली.

```
Math.round(1230002.5)   // 1230003
round(1230002.5)        # 1230002
```

पहिली ओळ जावास्क्रिप्टची. अर्धा रुपया असेल तर ती वर जाते, शाळेत शिकवतात तशी. दुसरी पायथॉनची. बरोबर अर्धा असेल तर पायथॉन जवळच्या सम संख्येकडे जातं. १२,३०,००२ ही सम संख्या, म्हणून ते खाली आलं. यात पायथॉनचं चुकलेलं नाही. लाखो आकड्यांची सरासरी काढताना अर्धे नेहमी वर ढकलले तर बेरीज फुगते, म्हणून ही रीत केली आहे. पण बिलाच्या बेरजेला ती चालत नाही. आणि गंमत बघा, बेरीज १२,३०,००३.५० असती तर दोघांचंही उत्तर १२,३०,००४ आलं असतं. म्हणजे पैसे बरोबर ५० असले आणि त्यामागचा रुपया सम असला, तरच फरक दिसणार. म्हणून प्रोग्राम कितीतरी महिने बिनतक्रार चालला आणि एका बिलावर अडकला.

दुरुस्ती छोटी होती. सगळा हिशोब पैशांत करायचा, पूर्णांकांत. १२,३०,००२ रुपये ५० पैसे म्हणजे १२,३०,००,२५० पैसे. त्यात ५० मिळवायचे, १०० ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. उत्तर १२,३०,००३. हे एकदाच, एकाच ठिकाणी करायचं. आणि तोच तयार आकडा दोघांना द्यायचा, अंक छापणाऱ्याला आणि शब्द छापणाऱ्याला. शब्दांच्या भागाने स्वतः काहीही मोजायचं नाही, त्याने फक्त वाचायचं.

काम झालं. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात राहिली. दोन्ही ओळी आता एकाच आकड्यातून निघतात, म्हणजे त्या कधीच भांडणार नाहीत. मग दुसरी ओळ नक्की कशाची खात्री देते?

हाताने बिल लिहायचे तेव्हा अक्षरी रक्कम लिहिणारा माणूस आकडा पुन्हा वाचत असे. वाचल्याशिवाय शब्द लिहिताच येत नाहीत. त्या वाचण्यात चूक सापडायची. म्हणजे ती ओळ म्हणजे दुसऱ्यांदा केलेली तपासणी होती, आणि कागदावर तिचा पुरावा राहायचा. प्रोग्राम ती ओळ छापतो तेव्हा कुणीही काही वाचलेलं नसतं. समजा अण्णांकडच्या मुलाने दर टाकताना ८३३९ च्या मागे एक शून्य जास्त दाबला. दर ८३,३९० झाला, मालाची किंमत १,०४,२३,७५०, आणि करासकट बेरीज १,२३,००,०२५. प्रोग्राम त्याखाली शांतपणे लिहिणार, ‘एक कोटी तेवीस लाख पंचवीस रुपये फक्त’. आकडा आणि अक्षर तंतोतंत जुळतील, आणि दोन्ही चूक असतील.

म्हणून आजच्या छापील बिलावरची शब्दांची ओळ दोनच कामं करते असं मला वाटतं. कागद किंवा पीडीएफ बाहेर गेल्यावर कोणी आकड्यात फेरफार केला, तर ती अडवते. आणि वाचणाऱ्याला आकडा नीट वाचायला मदत करते. टाकतानाची चूक ती पकडत नाही. ती पकडायची असेल तर शब्द छपाईच्या वेळी नकोत, आकडा टाकताना हवेत. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवताना रक्कम टाकली की खाली लगेच ती शब्दांत दिसते, तुम्ही पाहिलं असेल. तेच अण्णांच्या प्रोग्राममध्ये केलं. दराच्या खान्याखाली बारीक अक्षरात शब्द उमटतात. ८३३९ टाकलं की ‘आठ हजार तीनशे एकोणचाळीस’. शून्य जास्त पडला तर तिथेच ‘त्र्याऐंशी हजार तीनशे नव्वद’. एका हाउसिंगचे त्र्याऐंशी हजार हे वाचून त्या मुलाचा हात थांबतो. लांबलचक अंकांवर तो थांबेलच असं नाही.

मात्र हे काम करायचं तर शब्द त्याच्या तोंडातले हवेत. म्हणून आम्ही खान्याखाली मराठी ठेवली. कारखान्याला जाणाऱ्या बिलावर इंग्रजीच राहिली, फक्त लाख-कोटीची. इंग्रजीतही हे सांगावं लागतं. शब्द बनवणाऱ्या एका तयार लायब्ररीला नुसतं इंग्रजी मागितलं, तर ती ‘वन मिलियन टू हंड्रेड अँड थर्टी थाउजंड’ लिहिते. भारतातली इंग्रजी मागितली, की ‘ट्वेल्व्ह लॅक’:

```
num2words(1230003, lang='en_IN')
```

मराठी शब्द बनवायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपले स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर का बरे वाटतात. आकडा फोडायची रीत ही एवढीच:

```
crore, r = divmod(n, 10000000)
lakh,  r = divmod(r, 100000)
hazar, r = divmod(r, 1000)
she,   r = divmod(r, 100)
```

१२,३०,००३ यातून गेला, की कोटी शून्य, लाख १२, हजार ३०, शेकडा शून्य, उरले ३. ज्या खान्यात शून्य आहे ते खानं गप्प बसतं, नाहीतर ‘शून्य कोटी’, ‘शून्यशे’ असली भाषा छापून येते. लाखाच्या आणि हजाराच्या खान्यात ९९ च्या वर काही येऊच शकत नाही. आणि मराठीत ९९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एक अखंड शब्द आहे. म्हणजे दोन स्वल्पविरामांमधला प्रत्येक तुकडा हा एक शब्द. तीन-तीन अंकांच्या गटात हे होत नाही.

मात्र ते शब्द जोडून बनवता येत नाहीत. इंग्रजीत ‘थर्टी’ला ‘थ्री’ लावला की झालं. मराठीत ४३ त्रेचाळीस, ६३ त्रेसष्ट, ७३ त्र्याहत्तर, ८३ त्र्याऐंशी. तीनची किती रूपं! त्यात २९ ला आपण एकोणतीस म्हणतो, तिसाला एक उणा. ८९ ला एकोणनव्वद. आणि ९९ ला मात्र एकोणशंभर नाही, नव्याण्णव. म्हणून सगळेच्या सगळे शब्द हाताने यादीत टाकावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ वाचायची पद्धत आली, तेव्हा किती वाद झाला होता आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांच्या अडचणीचा होता. लिहिताना आधी वीस येतात, बोलताना आधी एक येतो, शिवाय जोडाक्षरं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो मुद्दा चटकन पटतो, कारण ‘साठ तीन’ लिहायला दोन ओळी पुरतात. पण खान्याखाली ‘साठ तीन’ उमटलं असतं, तर अण्णांच्या मुलाने वाचून सोडून दिलं असतं. त्याच्या कानाला रक्कम ‘त्रेसष्ट’ अशी माहीत आहे. मी यादी टाईप केली.

यादीशिवाय दोन खाचा आहेत. नुसते १०० असतील तर ‘शंभर’, पण १०१ असतील तर ‘एकशे एक’. ‘शंभर एक’ लिहिलं तर अर्थच बदलतो, अंदाजे शंभर. आणि दुसरं म्हणजे आपण बोलताना दीड लाख, अडीच लाख, सव्वा लाख म्हणतो. बिलावर हे शब्द येत नाहीत, तिथे ‘एक लाख पन्नास हजार’. कारण ‘दीड’मध्ये दोन खाने एका शब्दात मिसळतात आणि आकड्यावर बोट ठेवून ताळा करता येत नाही. बोलायला दीड, लिहायला एक लाख पन्नास हजार, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही.

ताळा करता येणं हाच सगळ्याचा गाभा आहे, आणि तो करायला वरचे स्वल्पविरामही लाखाचेच हवेत. शब्दांत ‘बारा लाख’ आणि वर १,२३०,००३ असेल, तर वाचणाऱ्याला दोन ओळी एकमेकींशी लावता येत नाहीत. ब्राउझरमध्ये यासाठी भाषेचं आणि देशाचं नाव सांगावं लागतं:

```
new Intl.NumberFormat('en-US').format(1230003) // 1,230,003
new Intl.NumberFormat('en-IN').format(1230003) // 12,30,003
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1230003) // १२,३०,००३
```

काहीच सांगितलं नाही, तर ब्राउझर ज्या भाषेत असेल तशी मांडणी येते. मग तेच बिल एका फोनवर लाखात आणि दुसऱ्यावर मिलियनमध्ये दिसतं. एक्सेलमध्येही हाच घोळ. विंडोजमध्ये प्रदेश भारत निवडला असेल, तर साध्या स्वल्पविरामाच्या फॉरमॅटमध्ये १२,३०,००३ दिसतं. तीच फाइल अमेरिकेच्या सेटिंगवर उघडा, १,२३०,००३. मांडणी फाइलमध्ये नसून संगणकात असते. म्हणून बरेच जण फाइलमध्येच हा फॉरमॅट घालतात:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

कोटीच्या वर असेल तर पहिला भाग, लाखाच्या वर असेल तर दुसरा, बाकी सगळं तिसरा. यातली अडचण त्या ‘बाकी सगळं’मध्ये आहे. उणे रक्कम कितीही मोठी असली तरी लाखापेक्षा लहानच, म्हणून ती तिसऱ्या भागात पडते. माल परत आला आणि शीटमध्ये उणे १२,३०,००३ लिहिले, की अमेरिकेच्या सेटिंगवर दिसतं -१,२३०,००३. एखाद्या शीटवर जमा लाखात आणि वजा मिलियनमध्ये दिसली, की तिथे हाच फॉरमॅट आहे हे ओळखायचं. उपाय म्हणजे वजा रकमेला वेगळा रकाना ठेवायचा आणि तिथे आकडा धनच लिहायचा.

आपलीच मांडणी सगळीकडे लावावी असंही नाही. नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सला जातात. तिकडच्या खरेदीदाराचं बिल युरोत असतं, त्याला लाख ठाऊक नाही. इंग्रजी पद्धतीने १२३,०००.०० असं लिहिलेली रक्कम डच माणूस घरी १२३.०००,०० लिहितो, बिंदू आणि स्वल्पविराम अदलाबदल करून. तिथे शब्दांची ओळ ‘वन हंड्रेड ट्वेंटी-थ्री थाउजंड’ हवी, म्हणजे बिंदूचा अर्थ काहीही लावला तरी रक्कम तीच राहते. मांडणी संगणकाच्या सेटिंगवरून न ठरवता बिल कोण वाचणार आहे यावरून ठरवायची.

आणि लाख-कोटीचंही एक टोक आहे. सव्वाशे कोटी रुपये नियमाप्रमाणे १,२५,००,००,००० असे लिहायचे. इथे पहिल्यांदाच स्वल्पविराम आणि तोंड वेगळे होतात. आकड्यात ‘१’ आणि ‘२५’ यांच्यात स्वल्पविराम आहे, कारण पुढचं स्थान अब्जाचं. पण आपण ‘एक अब्ज पंचवीस कोटी’ म्हणत नाही, ‘एकशे पंचवीस कोटी’ म्हणतो. अर्थसंकल्पात तर ‘लाख कोटी’ असतं, तिथे कोटीच्या डोक्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. म्हणून प्रोग्राममध्ये कोटीच्या खान्यात ९९ पेक्षा मोठा आकडा आला, तर तो परत त्याच चाळणीतून न्यावा लागतो. अण्णांना याची गरज नाही, पण यादी लिहिताना तेवढं करून ठेवलं.

नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे, १९२८ पासून नोटा छापते. खिशातली पाचशेची नोट काढून मागची भाषांची पट्टी बघा. आठव्या ओळीत मराठी आहे, ‘पाचशे रुपये’. नोटेवर आकडा इतका मोठा असताना इतक्या भाषांत शब्द कशाला, असं वाटू शकतं. ज्याला आपल्या भाषेत वाचायचंय त्याने आकड्यावर विसंबू नये म्हणून. बिलावरच्या ओळीकडूनही माझी अपेक्षा तेवढीच आहे.

प्रोग्राम परत देण्याआधी मी काही रकमा ठरवून टाकल्या आणि अण्णांच्या समोर वाचायला लावल्या. शून्य. १००. १०१. १,०००. ९९,९९९. १,००,०००. १,००,००१. १,००,००,०००. पन्नास पैशांवर संपणाऱ्या दोन बेरजा, एक सम रुपयाची आणि एक विषम. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून शब्द वाचत होते आणि त्यांचा मुलगा वरचा आकडा बोलत होता. १,००,००१ ला मुलगा ‘दहा हजार एक’ म्हणाला, अण्णा म्हणाले ‘एक लाख एक’. मुलाने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि स्वल्पविराम मोजले. मग अण्णांचं ते अडलेलं बिल काढलं. ते दोघांनी एकाच वेळी वाचलं, बारा लाख तीस हजार तीन. दुरुस्त प्रत कारखान्याच्या अकाउंट्सला गेली आणि पुढच्या खेपेत मंजूर झाली. त्या महिन्याचे पगार अण्णांनी उसने घेऊन केले.